क्रिस्टल रेडिओ: कॉइल गणिताने काढली, तरी ७९२ गँगच्या बाहेर का जातंय?

चिन्मय_क

बॅटरीशिवाय चालणारा साधा क्रिस्टल रेडिओ बनवतोय. कॉइल आणि कपॅसिटर मिळून एकच फ्रिक्वेन्सी कशी वेचतात ते स्वतःच्या हाताने करून बघायचं आहे, म्हणून वेढे अंदाजाने न घालता हिशोब करून घातले.

गँग जुना, हवेचा आहे. एकच भाग वापरलाय. टेस्टरवर पूर्ण उघडा असताना १५ पीएफ आणि पूर्ण बंद असताना ३६५ पीएफ दाखवतो. वायरिंग आणि कॉइलचे स्वतःचे मिळून २५ पीएफ वरून धरले. ५३० किलोहर्ट्‌झपासून सुरुवात हवी म्हणून कॉइल २३० मायक्रोहेन्रीची निघाली. ६३ मिमी पीव्हीसी पाइपवर २६ गेजच्या सुपर इनॅमल तारेचे ५८ वेढे घातले, एकमेकांना चिकटून, लांबी २९ मिमी. तार साधारण १२ मीटर लागली. सूत्रं ही वापरली:

```
L = 0.394 × r² × N² / (9r + 10l)     (L µH, r आणि l cm)
f = 159155 / √(L × C)                (f kHz, L µH, C pF)
```

यानुसार ५३१ ते १६५९ किलोहर्ट्‌झ, म्हणजे सगळा मीडियम वेव्ह यायला हवा. जोडणी अशी: एरियल कॉइलच्या वरच्या टोकाला, खालचं टोक अर्थला, गँग कॉइलच्या दोन टोकांना. वरच्या टोकावरून १एन३४ डायोड आणि पुढे क्रिस्टल इअरफोन. गच्चीवर २५ मीटर तार, जमिनीत मीटरभर लोखंडी सळई.

पुणे ७९२ वर आहे, म्हणजे गँग साधारण दीडशे पीएफला लागायला हवं होतं. प्रत्यक्षात गँग बंद असताना काहीच नाही. उघडत जावं तसा आवाज हळूहळू वाढतो आणि गँग पूर्ण उघडतो तेव्हाही तो वाढतच असतो. शिखर येतच नाही. साध्या ट्रान्झिस्टरवर स्टेशन दणदणीत वाजतं. कॉइल चुकली का?

जुना मेकॅनिक

वेढे जास्त झालेत. गँग उघडा असतानाही स्टेशन पलीकडे राहतंय याचा अर्थ सर्किट खालच्या फ्रिक्वेन्सीवर बसलंय. ५८ चे ४० करा, स्टेशन गँगच्या आत येईल. वेढे कापू नका. चाळिसाव्या वेढ्यावर इनॅमल खरवडून तिथे एरियल, गँग आणि डायोडची वायर लावून बघा. लागलं तर मग उरलेले सोडा.

फिरस्ता

हाच सेट एफएमला चालेल का? आमच्याकडे मीडियम वेव्हवर आता फारसं काही ऐकण्यासारखं नाही. कॉइलचे चारपाच वेढे ठेवले की शंभर मेगाहर्ट्‌झ यायला हवेत ना?

ताम्रतार

फिरस्ता, चारपाच वेढ्यांनी सर्किट तिथे जाईल, पण डायोड सिग्नलची उंची बघतो आणि एफएममध्ये उंची बदलतच नाही, फ्रिक्वेन्सी बदलते. टॉवर अगदी जवळ असेल तर सर्किट थोडं बाजूला लावून पुसटसं ऐकू येतं. तो वेगळा विषय आहे, वेगळा धागा काढा.

चिन्मय, कॉइल बरोबर आहे. तुझं सूत्रही बरोबर आहे. सूत्रात एक कपॅसिटर घालायचा राहिला, आणि तो टेबलावर नाही, गच्चीवर आहे.

२५ मीटर तार हवेत आणि खाली जमीन: ही कपॅसिटरचीच दोन टोकं झाली. एवढ्या लांबीला दीडशे ते दोनशे पीएफ सहज भरतात. एरियल तू कॉइलच्या वरच्या टोकाला थेट लावलंस आणि कॉइलचं खालचं टोक जमिनीत आहे. म्हणजे ते दोनशे पीएफ थेट गँगच्या जोडीला येऊन बसले. गँग पूर्ण उघडलास तरी सर्किटला १५ दिसत नाहीत, १५ अधिक २५ अधिक २०० असे २४० दिसतात. २३० आणि २४० तुझ्याच सूत्रात घाल: ६७७ किलोहर्ट्‌झ येतात. गँग बंद केलास की ४३२. तुझा सेट या घडीला ४३२ ते ६७७ मध्ये फिरतोय आणि पुणे ७९२ वर आहे. उघडत जाताना आवाज वाढतो, शिखर मात्र येत नाही, ते यामुळेच. तू डोंगराच्या उतारावर उभा आहेस आणि वाट तिथे संपलीय.

उपाय वेढ्यांत नाही. एरियल आणि कॉइल यांच्या मध्ये ४७ पीएफचा सिरॅमिक कपॅसिटर सिरीजमध्ये लाव. २०० आणि ४७ सिरीजमध्ये आले की मिळून ३८ होतात. ७९२ साठी एकूण १७५ लागतात, त्यातून ३८ आणि २५ वजा कर. गँग साधारण ११२ पीएफवर असताना स्टेशन लागायला हवं. त्याच्या दोन्ही बाजूंना आवाज पडला पाहिजे.

जुना मेकॅनिक

माझ्या ४० वेढ्यांनीही ७९२ आत येतंच. एरियलचे २०० धरूनही गँग ८८ च्या आसपास लागेल. मग कपॅसिटरचा आवाज खाणारा अडथळा मध्ये कशाला?

ताम्रतार

दादा, स्टेशन आत येईल हे मान्य. पण दोन स्टेशनं वेगळी होणार नाहीत.

जमिनीत मीटरभर सळई आहे, तिचा रोध पन्नास ओहम धरू. चांगल्या ओल्या मातीत कमी असेल, मुरुमात जास्त. एरियल थेट लावलं की सर्किटात फिरणाऱ्या करंटचा मोठा हिस्सा एरियलमधून, म्हणजे त्या मातीतून जातो. तुमच्या ४० वेढ्यांच्या जोडणीत एकूण ३१३ पैकी २०० पीएफ एरियलचे आहेत, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश करंट. मातीचा रोध कॉइलमध्ये घुसतो आणि अनुनादाचं शिखर पसरट होतं. ४७ मध्ये घातल्यावर १७५ पैकी ३८ च एरियलच्या वाटेने जातात. हिस्सा पाचव्या भागावर येतो, आणि मातीतला नाश त्या हिश्शाच्या वर्गाने कमी होतो.

आवाज थोडा उतरेल, हे खरं. पण चिन्मयला अनुनाद बघायचा आहे, आणि पसरट शिखरात तो दिसत नाही.

मृण्मयी

माझीही अशीच अडचण आहे, म्हणून इथेच विचारते. ठाण्यात चौथ्या मजल्यावर राहते. एरियल दहा मीटर, बाल्कनीबाहेर. ४७ पीएफ सिरीजमध्ये लावून बघितला, पण आता गँग फिरवून काही बदलतच नाही, दोन स्टेशनं एकत्र येतात ती येतातच. आणि अर्थ कुठून घेऊ? तीन पिनच्या सॉकेटची वरची पिन चालेल का?

ताम्रतार

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते जिवाशी आहे. सॉकेटमध्ये कुठलीच वायर घालायची नाही. इमारतीत अर्थिंग आणि न्यूट्रल उलट जोडलेले असू शकतात, आणि इअरफोन तुमच्या कानात असतो. जमीन मिळत नसेल तर दहा मीटर तार घरातच फरशीच्या कडेने पसरा आणि कॉइलचं खालचं टोक तिला लावा. ती अर्थइतकी चांगली नाही, पण एरियलला दुसरी बाजू मिळते. नळाची लाइन प्लॅस्टिकची असेल तर तिचा उपयोग नाही.

आता ४७. तुम्ही तो नेमका कुठे लावलात? गँगच्या वायरमध्ये का?

मृण्मयी

हो, गँग आणि कॉइलचं वरचं टोक यांच्या मध्ये. 'सिरीजमध्ये' म्हणजे तेच समजले.

ताम्रतार

मग बरोबरच आहे, गँगचे हात बांधले गेले. ३६५ च्या सिरीजमध्ये ४७ आला की ४२ उरतात, १५ च्या सिरीजमध्ये ११. गँग पूर्ण फिरवला तरी फरक फक्त तीस पीएफचा, आणि समांतर एरियल थेट बसलेलं. बदल जाणवणार कुठून? ४७ तिथून काढा, गँग कॉइलला थेट लावा आणि ४७ एरियलच्या वायरमध्ये घाला.

शून्य ओहम

एक सुचवतो. एरियल, अर्थ, डायोड, इअरफोन हे सगळं एकत्र असताना चूक शोधायला गेलात तर कोण काय करतंय ते कळत नाही. आधी फक्त कॉइल आणि गँग तपासा. त्यासाठी साधा मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर पुरतो.

गँगवर कागदाची डायल चिकटवून दर दहा अंशाला किती पीएफ ते टेस्टरने लिहून ठेवा. हे मोजताना गँग कॉइलपासून सुटा हवा, कॉइल समांतर असली तर टेस्टर भलतंच दाखवतो. मग कॉइल आणि गँग जोडा. बाकी काही नाही, अगदी डायोडसुद्धा नाही. ट्रान्झिस्टर स्टेशनवर लावा आणि आवाज पुसट होईल असा फिरवून ठेवा. आतला फेराइट रॉड आडवा असतो. त्याच्या रेषेत, अर्ध्या फुटावर, तुमचा पाइप धरा, दोघांचा अक्ष एकच येईल असा. आता गँग सावकाश फिरवा.

बहुतेक सगळ्या फेरीत काही होत नाही. मग एका जागी, दोनतीन अंशांच्या आत, आवाज एकदम उसळतो किंवा एकदम बसतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. तोच अनुनाद. कुठलीही वायर जोडलेली नसताना तुमचं सर्किट त्या फ्रिक्वेन्सीला जागं झालं आणि त्याने ट्रान्झिस्टरचा सिग्नल बदलला. फार जवळ धरलंत तर दोन्ही सर्किटं एकमेकांना ओढतात आणि जागा सरकते, म्हणून बदल जेमतेम कळेल इतकं लांब न्या.

हे दोन स्टेशनांवर करा. संध्याकाळनंतर पुण्यात मुंबईचं ५५८ ट्रान्झिस्टरवर मिळतं. दोन आकडे असले की २५ पीएफ 'धरावे' लागत नाहीत, तेही काढता येतात.

चिन्मय_क

केलं. ७९२ ला गँग १४८ पीएफवर, ५५८ ला ३२४ वर. ७९२ ला आवाज उसळला, ५५८ ला एका अंतरावर बसला आणि पाइप थोडा लांब नेल्यावर उसळला.

आकडे असे आले. ७९२ साठी L आणि C चा गुणाकार ४०,३८२ लागतो, ५५८ साठी ८१,३५३. दोन्हींतला फरक ४०,९७१. गँगमधला फरक १७६ पीएफ. भागले की कॉइल २३२.८ मायक्रोहेन्री. मग ७९२ ला एकूण १७३.५ पीएफ, त्यातून १४८ वजा जाता २५.५ वरचे. म्हणजे धरलेले २५ जवळजवळ बरोबर होते.

मग ४७ एरियलमध्ये लावला. स्टेशन लागलं! गँग १०७ पीएफवर शिखर, दोन्ही बाजूंना आवाज पडतो. पण नवीन भानगड: स्टेशन लावलं की आवाज स्वच्छ येतो आणि दोनतीन सेकंदांत दबून फाटका होतो. वायर हलवली की पुन्हा क्षणभर चांगला.

जुना मेकॅनिक

डायोड डुप्लिकेट असेल. १एन३४ म्हणून काचेचा सिलिकॉन डायोड सर्रास देतात. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून बघा. जर्मेनियम ०.२ ते ०.३५ च्या आसपास दाखवतो, ०.६ दाखवला तर तो १एन४१४८ सारखा काहीतरी आहे.

चिन्मय_क

०.२८ दाखवतोय.

ताम्रतार

डायोड ठीक आहे. इअरफोनला समांतर रेझिस्टर लावलायस का? क्रिस्टल इअरफोन म्हणजे विजेच्या दृष्टीने छोटा कपॅसिटरच. त्यातून डीसी जात नाही. डायोड एकाच दिशेने चार्ज भरत राहतो, तो चार्ज उतरायला वाट नाही. दोनतीन सेकंदांत इअरफोन सिग्नलच्या उंचीइतका भरला की डायोड उघडायचाच थांबतो. वायर हलवलीस की थोडा चार्ज निसटतो, म्हणून क्षणभर आवाज परततो. ४७ के ते १०० के मधला कुठलाही रेझिस्टर इअरफोनच्या दोन टोकांना लाव.

जुन्या दोन हजार ओहमच्या हेडफोनला हा प्रश्न येत नाही, तारेच्या गुंडाळीतून चार्ज उतरतो. मोबाइलचा इअरफोन मात्र थेट लावू नये. ३२ ओहम म्हणजे या सर्किटला जवळजवळ शॉर्ट.

चिन्मय_क

१०० के लावला. आवाज बसायचा थांबला. मात्र शिखर अजून रुंद वाटतंय. ट्रान्झिस्टरसमोर दोनतीन अंशांत संपत होतं, आता वीसेक अंश पसरलंय.

जुना मेकॅनिक

डायोड कॉइलच्या टोकावर आहे ना? तो भार पूर्ण सर्किटवर पडतो. अर्थच्या बाजूने विसाव्या वेढ्यावर टॅप काढा, डायोड तिथे लावा. टॅपसाठी कॉइल पुन्हा गुंडाळायची गरज नाही. वेढ्याखाली आगपेटीची काडी सरकवा, उचललेल्या जागी ब्लेडने इनॅमल खरवडा आणि पटकन डाग द्या. शेजारच्या वेढ्याचं इनॅमल खरवडलं जाऊ देऊ नका. दोन वेढे शॉर्ट झाले की सगळी कॉइल मेली समजा, स्टेशन एकदम बारीक होतं आणि गँग कुठेही फिरवा, शिखर नाही.

ताम्रतार

एकदम सहमत. टॅप तिसऱ्या भागावर आला की डायोडचा भार सर्किटला नऊपट हलका दिसतो.

शून्य ओहम

टॅपबद्दल थोडं वेगळं मत. पुणे पंधरावीस किलोमीटरवर असेल तर ठीक. सिग्नल बारीक असेल तर टॅपवर व्होल्टेजही तिसऱ्या भागावर येतं, आणि बारीक व्होल्टेजला डायोड फारच कमी आवाज देतो. तीसाव्या वेढ्यावरही एक टॅप ठेवा आणि मगरक्लिपने दोन्ही ऐकून बघा. कुठला चांगला हे जागेवर ठरतं, कागदावर नाही.

मृण्मयी

४७ एरियलमध्ये, गँग थेट, फरशीवर दहा मीटर तार. दोन स्टेशनं आता वेगळी झाली, एक गँग जवळजवळ बंद असताना आणि दुसरं बरंच उघडल्यावर. दुसऱ्याच्या मागे पहिलं अजून बारीक येतं. टॅप काढून बघते.

चिन्मय_क

विसाव्या वेढ्याचा टॅप घेतला, शिखर सातआठ अंशांवर आलं. आवाज किंचित कमी, पण शब्द स्पष्ट.

आता आकड्यांचा एक प्रश्न उरतो. वरची १०७ ची नोंद टॅपच्या आधीची, डायोड टोकावर असतानाची आहे. एरियलशिवाय गँग १४८ होता, एरियल आणि ४७ लावल्यावर १०७. म्हणजे एरियलच्या वाटेने ४१ पीएफ आले. ४७ च्या सिरीजमध्ये ४१ यायचे तर एरियल ३२१ पीएफचं निघतं. ताम्रतारांनी २०० म्हटले होते. २५ मीटर तारेला ३२१ जास्त नाहीत का?

ताम्रतार

गच्चीवरून खाली येणारी वायर कशी आणलीस? भिंतीला खिळे मारून चिकटवत आणली असेल तर तोच भाग जास्त कपॅसिटन्स देतो. आरसीसीच्या सळया म्हणजे जमीनच.

चिन्मय_क

हो, शेवटचे सहा मीटर भिंतीलगतच आहेत, अर्ध्या इंचावर.

शून्य ओहम

भिंत असेलही, पण मी आधी दुसरीकडे बघेन. १४८ मोजले तेव्हा डायोड आणि इअरफोनची वायर जोडलेली नव्हती. १०७ मोजले तेव्हा होती. त्या दोघांचे मिळून ३ पीएफ धरले तरी एरियलच्या वाटेला ४१ ऐवजी ३८ उरतात, आणि ३८ म्हणजे बरोबर २०० चं एरियल. ४७ सिरीजमध्ये असताना मोठ्या एरियलचा फरक असा दाबला जातो की तीन पीएफच्या चुकीने २०० चे ३२१ होतात. शिवाय तो ४७ खरंच ४७ आहे का? साध्या सिरॅमिकमध्ये पाच-दहा टक्के इकडेतिकडे असतात, म्हणजे तेवढेच तीनचार पीएफ. तो सुटा काढून टेस्टरवर बघा.

ताम्रतार

डायोड विसाव्या वेढ्यावर गेल्यावर त्याचा कपॅसिटन्सही नवव्या भागावर आला. टॅपवर पुन्हा मोजलं की डायोडचा संशय जवळजवळ जातो. तरीही ४१ आले तर भिंत किंवा ४७ चा आकडा. माझं मत भिंतीकडेच आहे.

चिन्मय_क

४७ च्या जागी २२ लावून बघू का? दुसरा आकडा मिळेल.

शून्य ओहम

२२ ने काही कळणार नाही. त्यात २०० आणि ३२१ मधला फरक एका पीएफच्याही आत राहील. १०० लावा, आधी तो टेस्टरवर मोजून. डायोड टॅपवरच राहू द्या. एरियल २०० चं असेल तर स्टेशन गँगच्या ८१ च्या आसपास लागेल, ३२१ चं असेल तर ७२ च्या आसपास. एवढा फरक तुमच्या डायलवर वाचता येईल. शिखर रुंद होईल, तेव्हा दोन्ही उतारांवर आवाज सारखाच कमी होतो त्या दोन जागा वाचा आणि त्यांचा मध्य घ्या.

जुना मेकॅनिक

आणि त्याआधी ती सहा मीटर वायर भिंतीपासून हातभर लांब बांबूवर घ्या. १०७ चे किती होतात ते त्याच वेळी कळेल. ढग दिसले की एरियलची वायर घराबाहेरच अर्थच्या सळईला जोडून ठेवायची, सेटला जोडलेली ठेवायची नाही. आणि गडगडाट सुरू झाला असेल तर तिला हातच लावायचा नाही.

चिन्मय_क

बांबू मिळालाय. १०० पीएफ चा टेस्टरवर ९६ दाखवतोय, म्हणजे ८१ आणि ७२ थोडे वर सरकतील. रविवारी सकाळी मोजून आकडे टाकतो.